आणीबाणीत कोणते हक्क उरतात?

कायद्याच्या परीक्षेत पुढील तीन विधाने देऊन त्यांपैकी बरोबर कोणती, असे विचारले जाते. एक : आणीबाणी पुकारताच सर्व मूलभूत हक्क स्थगित होतात. दोन : सशस्त्र बंडाच्या कारणावरून आणीबाणी पुकारली तरी कलम १९ आपोआप स्थगित होते. तीन : कलम २० व २१ यांसाठी न्यायालयात दाद मागण्याचा हक्क आणीबाणीतही काढून घेता येत नाही. फक्त तिसरे बरोबर, हे आजचे उत्तर होय. मात्र १९७५ साली हे उत्तर चुकीचे ठरले असते, आणि त्यातच या प्रश्नाचे मर्म आहे.

त्या वर्षी २५ जूनला 'अंतर्गत अशांतता' या कारणावरून आणीबाणी पुकारली गेली. २७ जूनला राष्ट्रपतींनी कलम ३५९ अन्वये आदेश काढून कलम १४, २१ व २२ यांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद केला. हक्क घटनेच्या पानावर कायम होते. दार मात्र मिटले होते. स्थानबद्धांनी देहोपस्थितीचे अर्ज केले. ते चालू शकतात, असे अनेक उच्च न्यायालयांनी म्हटले. परंतु २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ते दारही लावून घेतले. विरुद्ध मत न्या. खन्ना यांचे होते. २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात हा निर्णय चुकीचा ठरवण्यात आला.

तत्पूर्वीच १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने 'अंतर्गत अशांतता' हे शब्द काढून 'सशस्त्र बंड' हे शब्द घातले. कलम १९ चे आपोआप स्थगन युद्ध व परकीय आक्रमण यांपुरतेच ठेवले आणि कलम २० व २१ यांना आदेशाच्या कक्षेबाहेर नेले. दुसरे विधान म्हणूनच फसवे आहे. पहिले तर मुळातच असत्य आहे. कारण कलम ३५९ खाली आदेशात नाव घेतलेल्या हक्कांपुरताच प्रतिबंध येतो.

आता आमच्या वाचकांनी एक चौथे विधान तपासावे : अस्पृश्यता नष्ट करणारे कलम १७ या संरक्षणात येते. हे असत्य आहे. दुरुस्तीने वगळली ती केवळ दोन कलमे. आदेशात कलम १७ चे नाव आल्यास त्याच्या आधारे न्यायालयात जाता येणार नाही. अस्पृश्यता पाळणे हा १९५५ च्या कायद्याने गुन्हा राहीलच. पण तो कायदा दुबळा करणारा दुसरा कायदा झाला, तर आदेश चालू असेतो त्याला कलम १७ च्या जोरावर आव्हान देता येणार नाही.

म्हणून आणीबाणी आली की भाषणे ऐकू नयेत. आदेश मिळवून त्यात कोणत्या कलमांची नावे आहेत, हे प्रथम वाचावे. कलम ३२ ला डॉ. बाबासाहेबांनी घटनेचा आत्मा का म्हटले, ते त्या एका कागदावरून कळते.