‘समाप्त’ म्हणावयाची चोरी

कादंबरीच्या अखेरच्या पानावर ‘समाप्त’ हा शब्द लिहिताना माझा हात अजूनही क्षणभर थांबतो. तो शब्द लिहिला की लेखकाचा अधिकार संपतो आणि वाचकाचा सुरू होतो. पुस्तक मिटून तो आढ्याकडे पाहत पडेल, चूल पेटवायला उठेल, नाहीतर माझ्या नायकाला चार शिव्या हासडील. ते त्याचे त्याने पाहावे. यूट्यूबवर मात्र हा शब्द उच्चारण्याची चोरी झाली आहे, आणि आपण सारे, त्यात शिकवणारे मास्तरही आले, त्या कामी हौसेने हातभार लावीत आहोत, असा माझा आरोप आहे. आरोपीच्या पिंजऱ्यात पहिला मीच उभा राहतो.

२०२० साली शाळांना कुलपे लागली तेव्हा घाटंजी तालुक्यातल्या माझ्या खोलीत बसून मी समासांवर आठ व्हिडिओ केले. फळा तोच, खडू तोच. फक्त समोर पोरांऐवजी मोबाइल. व्हिडिओ चढवताना एका जाणत्या तरुणाने मला दोन हत्यारे दाखवली. पहिले कार्ड. व्हिडिओ चालू असताना उजव्या वरच्या कोपऱ्यात एक छोटी चिठ्ठी सरकून येते. तिच्यावर बोट ठेवले की दुसरा व्हिडिओ उघडतो. एका व्हिडिओत अशा पाच चिठ्ठ्या घालता येतात. दुसरे हत्यार एंड स्क्रीन. ही शेवटच्या ५ ते २० सेकंदांत चित्रावर उमटते आणि तिच्यात चारपर्यंत चौकटी बसतात: पुढचा व्हिडिओ, व्हिडिओंची माळ, सबस्क्राइबचे बटण, असे काहीबाही. व्हिडिओ निदान २५ सेकंदांचा असला म्हणजे झाले.

चौकटीत कोणता व्हिडिओ यावा, यासाठी तीन पर्याय असतात. ‘Most recent upload’ म्हणजे आपण सर्वांत शेवटी चढवलेला. ‘Best for viewer’ म्हणजे आपल्याच व्हिडिओंतून यंत्राला त्या प्रेक्षकासाठी योग्य वाटेल तो. आणि ‘Choose specific video’ म्हणजे आपण स्वतः निवडलेला. मला पहिला पर्याय सोपा वाटला. आज तत्पुरुष चढवला तर कालच्या अव्ययीभावाच्या शेवटी तो आपोआप दिसणार! मी खूश होतो.

पुढे तान्हा पोळा आला. गल्लीतल्या पोरांनी लाकडी बैलांपुढे बैलबाजारातल्या सौद्याची अशी काही नक्कल केली की मी तीही चढवली. आठवड्याने पाहतो तो नक्कल पाहणारे भराभर वाढलेले. ते आले कोठून याचा तक्ता उघडला, तर बरेचसे ‘End screens’ या ओळीखाली. तेव्हा उलगडा झाला. नक्कल सर्वांत ताजी, म्हणून आठही धड्यांच्या शेवटी तीच जाऊन बसली होती. द्वंद्व समास संपतो न संपतो तोच पोरे बैलबाजारात! दोष यंत्राचा नव्हता. मी सांगितले तेच त्याने केले होते.

मी आठही ठिकाणी पुढचा धडा हाताने निवडला. आता सारे सुरळीत होईल असे वाटले, आणि आकड्यांपुरते ते झालेही. पोरे एका बैठकीत चार-चार धडे पाहू लागली. मग एके दिवशी मी वह्या मागवल्या. प्रत्येक धड्याखाली पाच शब्दांचा विग्रह करावयास दिला होता. बहुतेक वह्यांची पाने कोरी. एका मुलीने प्रांजळपणे सांगितले, “सर, लिवाले घेतलं का पुढचा धडा समोर दिसे, म्हटलं आधी तो पाहून घेऊ.” विग्रह करावयाच्या त्या वीस सेकंदांवर मीच पुढच्या धड्याचे चित्र चिकटवले होते. धडा कोठे पोचतो? पाहून झाल्यावर जी शांतता असते तिच्यात, आणि तीच मी विकून बसलो होतो.

हे असे का चालते, ते समजून घेतले पाहिजे. २०१२ साली यूट्यूबने आपले माप बदलले. त्याआधी व्हिडिओ किती वेळा उघडला याला महत्त्व होते. फसव्या चित्रांनी लोक व्हिडिओ उघडत आणि चिडून बंद करीत. तेव्हापासून माणूस किती वेळ पाहत बसला, हे मोजले जाऊ लागले. जितका वेळ बसेल तितक्या जाहिराती. साहजिकच करणाराही शिकला की प्रेक्षक दाराशी गेला तर दुसरे दार उघडे हवे. लोक जेथे कंटाळून निघून जातात तो क्षण आलेखात पाहून नेमके तेथे कार्ड ठेवावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. ‘आता समारोप करतो’ असे तर चुकूनही म्हणू नये, कारण ते ऐकताच लोक उठतात. त्यापेक्षा म्हणावे, ‘हे झाले, पण खरी गोम वेगळीच आहे, ती या चौकटीतल्या व्हिडिओत.’ म्हणजे शेवट करावयाचा नाही इतकेच नव्हे, तर जे सांगितले तेही मुद्दाम अर्धे ठेवावयाचे.

कोणी म्हणतील, मास्तर, मासिकात ‘क्रमशः’ असतेच की! असते. पण त्या क्रमशःपुढे महिनाभराची वाट पाहणे असते. कीर्तनकारही उद्याच्या आख्यानाची गोडी लावतो, परंतु आरती होते, गूळखोबरे वाटले जाते आणि माणूस अंधारातून घरी चालू लागतो. त्या चालण्यात कीर्तन मुरते. येथे घरी जावयाची वाटच ठेवलेली नाही.

हे पोरांपुरते असते तर मी इतका तावातावाने लिहिले नसते. आमचा जिल्हा कापसाचा. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावावेत आणि एका सापळ्यात रोज ८ पतंग सलग तीन रात्री सापडले तरच फवारणीचा विचार करावा, हा नियम. यात महत्त्वाचे काय? तीन रात्री थांबणे. सापळ्याच्या व्हिडिओच्या शेवटी ‘कोणते औषध मारावे?’ अशी चौकट लागली, तर थांबावयास सांगणाऱ्या धड्याच्याच पोटात घाईचे बी पेरले जाते. २०१७ च्या हंगामात याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याची कारणे निराळी आणि अनेक होती; ते पाप मी चौकटीच्या माथी मारीत नाही. पण ज्या जिल्ह्याने ते पाहिले, तेथे ‘आता मोबाइल ठेवा आणि शेतात जाऊन पतंग मोजा’ असे सांगून थांबणारा व्हिडिओ मला हवा आहे.

ही हत्यारे मोडून टाका, असे मी म्हणत नाही. बहुव्रीही शिकवताना तत्पुरुष आठवत नसेल तर त्या जागी मागच्या धड्याचे कार्ड हवेच. ते मुलाला हरवलेल्या ठिकाणी परत नेते. एका धड्याचे खरोखरच दोन भाग असतील तर एंड स्क्रीनवर दुसरा भाग जरूर असावा. कसोटी सोपी आहे. ही चौकट पाहणाऱ्याच्या गरजेची आहे की माझ्या आकड्यांच्या?

मी माझ्या आठही धड्यांवरची एंड स्क्रीन काढली. अखेरची वीस सेकंदे फळ्यावर पाच शब्द दिसतात आणि मी गप्प उभा राहतो. एवढ्याने यंत्र गप्प बसत नाही, हे मला ठाऊक आहे. पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू करण्याची कळ पाहणाऱ्याच्या बाजूला असते. ती त्याने बंद केली नसेल तर माझ्या मौनानंतर कोणीतरी बडबडू लागतोच. आकडेही उतरले. पण वह्यांची पाने आता पूर्वीइतकी कोरी येत नाहीत, आणि पगार मला वह्या तपासण्याचा मिळतो.