व्हॉट्सॲपवरचा सरकारी 'बॉट' : पहिला निरोप कसा असावा?

राज्य सरकारने फेब्रुवारी 2025 मध्ये मेटा कंपनीशी करार करून 'आपले सरकार'च्या सेवा व्हॉट्सॲपवर आणण्याचे ठरवले. त्याआधी जानेवारी 2022 मध्ये मुंबई महापालिकेने आपला चॅटबॉट सुरू केला होता, तर पीएम-किसानसाठी केंद्राचा 'किसान ई-मित्र' सप्टेंबर 2023 मध्ये आला. असा बॉट लोकांच्या कामाचा ठरेल की नाही, हे बहुतेक वेळा त्याच्या पहिल्या निरोपात आणि त्याखालच्या दोन-तीन बटणांतच ठरून जाते.

गोंदियाचे उदाहरण घेऊ. समजा, आधारभूत धान खरेदीसाठी असा एक बॉट करायचा आहे. त्याला शेतकऱ्यांच्या नोंदणीची यादी आणि खरेदी केंद्रांची माहिती दिसते, बँकेचे व्यवहार मात्र दिसत नाहीत. नेहमीच्या पद्धतीने त्याचा पहिला निरोप असा लिहिला जाईल : 'नमस्कार! मी आपला डिजिटल सहाय्यक. मी आपली काय मदत करू?' आता धान मोजून दिलेला माणूस यावर काय लिहील? 'पैसे कधी येणार?' हेच. आणि बॉट म्हणेल, 'क्षमस्व, समजले नाही.' खरे तर त्याला प्रश्न समजला नाही असे नाही, त्याच्याकडे उत्तरच नाही. पण शेतकऱ्याला वाटते आपलेच लिहिणे चुकले. तो तोच प्रश्न तीन वेळा वेगवेगळ्या शब्दांत विचारतो आणि मग कायमचा सोडून देतो.

त्याऐवजी असे लिहिता येईल : 'नमस्कार. येथे उत्तरे संगणक देतो, माणूस नाही. धानाची नोंदणी झाली का आणि तुमचे केंद्र कोणते, हे येथे कळेल. पैसे खात्यात आले का, हे येथे दिसत नाही. आधार क्रमांक किंवा ओटीपी येथे लिहू नका.' निरोप एवढाच. काय जमत नाही ते 'अधिक माहिती'च्या आड न लपवता सरळ सांगितले आहे.

आता बटणे. व्हॉट्सॲपवर एका निरोपाखाली उत्तराची जास्तीत जास्त 3 बटणे देता येतात आणि प्रत्येकावर 20 अक्षरचिन्हे मावतात. मराठीची अडचण येथे सुरू होते. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, इतकेच काय जोडाक्षरातला हलन्तसुद्धा संगणक वेगळा मोजतो. 'धान खरेदी नोंदणीची स्थिती' यात डोळ्यांना 11 अक्षरे दिसतात, पण मोजणी 25 वर जाते. इंग्रजी बटणाचे शब्दशः भाषांतर करणारे येथेच अडतात, आणि मग 'नोंदणी स्थिती'सारखे कार्यालयीन तुकडे जन्माला येतात. 'नोंदणी झाली का?' हे 15 चिन्हांत बसते आणि माणूस बोलतो तसेच आहे.

दुसरे बटण 'माझे केंद्र कोणते?' ते दाबल्यावर तालुका टाइप करायला सांगू नये. कोणी नुसते 'अर्जुनी' लिहिले, तर सडक अर्जुनी की अर्जुनी मोरगाव? व्हॉट्सॲपच्या यादीत 10 ओळी देता येतात आणि जिल्ह्यात तालुके 8 आहेत. यादीच द्यावी.

तिसरे बटण सर्वांत महत्त्वाचे. जो प्रश्न सर्वाधिक येणार आणि ज्याचे उत्तर बॉटकडे नाही, त्याला बटण द्यावे का? द्यावे, पण शब्द जपून. 'पैसे आले का?' असे लिहिले तर ते दाबणाऱ्याला उत्तराचे आश्वासन मिळते. 'पैशांसाठी कुठे जाऊ?' हे 19 चिन्हांचे बटण फक्त दिशा दाखवण्याचे वचन देते आणि ते पाळता येते : नोंदणी केलेल्या केंद्राचा फोन, कामाची वेळ, सोबत वजनाची पावती आणि पासबुक न्या. केंद्र पणन महासंघाचे की आदिवासी विकास महामंडळाचे, यानुसार फोन वेगळा असेल, तेवढे बॉटने आधी पाहावे.

एक खोच राहतेच. वापरणारा वर सरकवून जुन्या निरोपातले बटण पुन्हा दाबू शकतो. खरिपातले बटण उन्हाळी धानाच्या वेळी दाबले गेले आणि बॉटने जुनीच नोंद दाखवली, तर शेतकरी नवी नोंदणी झाली असे समजून घरी बसेल. म्हणून प्रत्येक उत्तरात हंगाम आणि वर्ष लिहिलेले हवे.

निरोप नीट जमला का, हे तपासणे अवघड नाही. बॉट खुला करण्यापूर्वी देवरी किंवा सालेकसाच्या पाच-सहा शेतकऱ्यांना तो दाखवून एकच विचारावे : 'याला काय सांगता येणार नाही?' उत्तर देताना ते अडखळले, तर मजकूर पुन्हा लिहावा. खुला केल्यावर, बटणे सोडून लोक जे स्वतः टाइप करतात ते दर आठवड्याला वाचावे, मग ते मराठी असो, हिंदी असो की रोमन लिपीत. 'पैसे कधी येणार' हाच प्रश्न तेथे पुन्हा पुन्हा येत असेल, तर तिसऱ्या बटणाचे शब्द बदलण्याची वेळ आली आहे.