विश्लेषण : पिंजऱ्यातल्या कोंबडीचा प्रश्न वेदनेचा की हक्काचा?

अंडी देणाऱ्या कोंबडीला पिंजऱ्यात किती जागा मिळावी, यावर युरोपपासून भारतापर्यंत कायदे झाले, मसुदे निघाले, खटले चालले. या वादात बंदिस्त, औद्योगिक पशुपालनाला विरोध करणारे सगळे एकाच बाजूचे वाटतात, पण त्यांच्यात दोन वेगळे युक्तिवाद आहेत. एक म्हणतो, प्राण्याला दुःख होते म्हणून हे थांबवा. दुसरा म्हणतो, दुःख झाले नाही तरी थांबवा. प्रत्यक्ष कायदा करायची वेळ आली की हा फरक कसा उघडा पडतो?

पिंजऱ्याची जागा किती असते?

अंड्यांच्या पोल्ट्रीत तारेच्या पिंजऱ्यांच्या रांगा एकावर एक असतात आणि एका पिंजऱ्यात अनेक कोंबड्या असतात. ए-फोर आकाराच्या कागदाचे क्षेत्रफळ साधारण ६२४ चौरस सेंटिमीटर भरते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये मांडलेल्या नियमांच्या मसुद्यात प्रत्येक कोंबडीला किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा सुचवली होती, म्हणजे कागदापेक्षा कमीच. तरीही तेव्हाच्या प्रचलित जागेपेक्षा ती जास्त होती. युरोपीय संघाने साधे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद केले आणि ७५० चौरस सेंटिमीटर जागा, अंडी घालायला आडोसा आणि बसायला दांडी असलेले ‘सुधारित’ पिंजरे चालू ठेवले.

वेदनेचा युक्तिवाद काय सांगतो?

या युक्तिवादाचे मूळ जेरेमी बेंथॅम यांच्या १७८९ च्या ग्रंथातील एका तळटीपेत आहे. प्राणी विचार करू शकतो का, बोलू शकतो का, हे गौण आहे. त्याला दुःख होते का, एवढेच पाहावे, असा तिचा आशय. ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी १९७५ च्या ‘अॅनिमल लिबरेशन’ या पुस्तकात त्यावर आधुनिक मांडणी केली. माणसाला आणि कोंबडीला सारखी वागणूक द्या, असे ते म्हणत नाहीत. सारख्या वेदनेला सारखे वजन द्या, ती कोणत्या प्रजातीची आहे हे पाहून कमी करू नका, एवढेच ते म्हणतात.

मग वेदना मोजायची कशी? येथे प्राणिविज्ञान मदतीला येते. अंडे घालण्याआधी कोंबडी आडोसा शोधते. त्या आडोशापर्यंत पोहोचण्यासाठी जड दार ढकलावे लागेल अशी व्यवस्था प्रयोगांत केली, तेव्हा कोंबड्यांनी ते ढकलले, अगदी भुकेल्या कोंबडीने खाद्यासाठी ढकलावे तसे. साध्या पिंजऱ्यात हा आडोसा नसतो. कोंबडी अस्वस्थपणे येरझारा घालते. शिवाय आजची लेअर जातीची कोंबडी वर्षाला सुमारे ३०० अंडी देते. प्रत्येक कवचासाठी कॅल्शियम लागते, त्यातले काही तिच्या हाडांतून जाते. हालचाल नसेल तर हाडे आणखी ठिसूळ होतात.

या युक्तिवादाची ताकद अशी की त्यात पायऱ्या आहेत. ४५० पेक्षा ५५० बरे, ५५० पेक्षा ७५० बरे. सरकारला आणि उद्योगाला ही भाषा समजते. अडचणही तेथेच आहे. पिंजरा काढून मोठ्या शेडमध्ये कोंबड्या मोकळ्या सोडल्या की त्या चालतात, धुळीत लोळतात. पण दांड्यांवरून पडून छातीचे हाड मोडते आणि एकमेकींची पिसे उपटण्याचे प्रकारही वाढू शकतात. हिशेब नेहमी सरळ सुटत नाही. शिवाय तराजूच्या दुसऱ्या पारड्यात स्वस्त प्रथिनेही येतात, शालेय पोषण आहारातले अंडेसुद्धा. सिंगर यांच्या पद्धतीत ते वजन धरावेच लागते.

हक्कवादी वेगळे काय म्हणतात?

अमेरिकी तत्त्वज्ञ टॉम रेगन यांनी १९८३ मध्ये ‘द केस फॉर अॅनिमल राइट्स’ लिहिले ते या तराजूलाच नकार देण्यासाठी. त्यांनी पेल्याची उपमा दिली. सुख-दुःखाचा हिशेब करणाऱ्याला पेल्यातल्या द्रवाची किंमत असते, पेल्याची नसते. रेगन यांच्या मते किंमत पेल्याचीच आहे. ज्याला इच्छा आहेत, आठवण आहे, ज्याचे आयुष्य त्याच्या दृष्टीने बरे किंवा वाईट जाऊ शकते, तो स्वतःच्या आयुष्याचा धनी आहे. त्याला इतरांच्या सोयीचे साधन करता येत नाही, मग फायदा कितीही असो. म्हणून पिंजरा मोठा करणे हे उत्तर नव्हे. गॅरी फ्रान्सिओन यांच्यासारखे हक्कवादी तर म्हणतात की अशा सुधारणांनी ग्राहकाचे मन शांत होते आणि व्यवसाय पक्का होतो.

या बाजूचीही एक दुखरी जागा आहे. रेगन यांचा मूळ युक्तिवाद एक वर्षावरील सस्तन प्राण्यांभोवती उभा होता. पक्ष्यांना त्यांनी संशयाचा फायदा दिला, पण ही रेषा कोठे ओढायची हा प्रश्न उरतोच. वेदनेच्या युक्तिवादाला कोंबडीपाशी अशी अडचण येत नाही.

खरी कसोटी कोठे लागते?

एका दिवसाच्या नर पिल्लापाशी. लेअर जातीचे नर अंडी देत नाहीत आणि ब्रॉयलरसारखे मांसही धरत नाहीत. म्हणून अंडी उबवणी केंद्रांत पिल्लांची नर-मादी निवड होते आणि नर मारले जातात. एकट्या जर्मनीत ही संख्या वर्षाला सुमारे साडेचार कोटी होती.

मृत्यू क्षणात आला असेल तर वेदनेच्या हिशेबात या पिल्लाच्या खात्यावर फारसे काही जमा होत नाही. पिंजऱ्यात दीड वर्ष काढणाऱ्या त्याच्या बहिणीची नोंद कितीतरी मोठी. तरीही अनेकांना पिल्लांचे हे मारणे पिंजऱ्यापेक्षा जास्त खटकते. ते का खटकते हे सांगायला हक्काचीच भाषा लागते: जिवाला निव्वळ टाकाऊ माल ठरवले गेले.

जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने जून २०१९ मध्ये म्हटले की केवळ आर्थिक हित हे पिल्लू मारण्याचे वाजवी कारण नाही. मात्र पर्याय येईपर्यंत मुभा दिली. १ जानेवारी २०२२ पासून बंदी आली. पर्याय म्हणजे अंड्यातच लिंग ओळखणे. मग मर्यादा ठरवायची वेळ आली तेव्हा कायदा पुन्हा वेदनेकडे वळला. सुरुवातीला उबवणीच्या सातव्या दिवसापासून भ्रूण नष्ट करण्यास मनाई करायचे ठरले होते. १३ व्या दिवसाआधी वेदनेची जाणीव नसते असे संशोधनातून दिसल्यावर ती मर्यादा त्या दिवसापर्यंत नेण्यात आली. कारण हक्काचे, मोजपट्टी वेदनेची.

भारतीय कायदा कोणाच्या बाजूला?

१९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा मुळात वेदनेचा कायदा आहे. त्याच्या कलम ११ नुसार प्राण्याला हालचालीची वाजवी संधी न देणाऱ्या पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा ठरतो. विधी आयोगाने २०१७ च्या २६९ व्या अहवालात कोंबड्यांसाठी नियम सुचवले, तेही याच चौकटीत.

हक्काची भाषा आली ती पोल्ट्रीतून नव्हे, शर्यतींतून. जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींवर बंदी घालताना सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ च्या नागराज निकालात प्राण्यांच्या प्रतिष्ठेचा उल्लेख केला आणि घटनेच्या अनुच्छेद २१ चा आधार घेतला. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या सुधारित कायद्यांना मान्यता दिली आणि प्राण्यांना मूलभूत हक्क असल्याचा पूर्वदाखला नाही, असे नोंदवले. नव्या नियमांमुळे वेदना पुरेशी कमी होते, हा त्या मान्यतेचा एक आधार होता. त्यामुळे सध्या तरी पोल्ट्रीविरुद्ध न्यायालयात जाणाऱ्याला कोंबडीचा हक्क सांगून भागणार नाही. पिंजऱ्याची लांबी-रुंदी मोजूनच जावे लागेल.