भाचीचं लग्न परदेशी आणि रजेचा अर्ज

मैत्रिणींनो, अमरावतीच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्या तिथल्या सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत आहेत, माहेर अकोल्याचं. भावाच्या मुलीचं लग्न शनिवारी, १९ डिसेंबर २०२६ रोजी न्यू जर्सीत आहे. त्या विचारतात, “आत्याशिवाय हळद लागणार नाही असं भाऊ म्हणतो. पण साहेबांकडे दोन आठवडे कसे मागू? तिकीट आधी काढून टाकू का?”

तिकीट आधी काढू नका, बाई. रजा हा हक्क नाही, असं महाराष्ट्राच्या १९८१ च्या रजा नियमांतच म्हटलेलं आहे. शिवाय सरकारी नोकरीत रजेची मंजुरी आणि परदेशी जाण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुष्कळजणी इथंच फसतात. रजा साहेबांनी मंजूर केली तरी परवानगी बहुधा वरच्या कार्यालयातून यायची असते, आणि तो कागद यायला वेळ लागतो. तेव्हा दोन्ही अर्ज ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच द्या. परवानगीच्या अर्जात देश, कारण, तारखा आणि खर्च कोण करणार हे लिहा. लग्नपत्रिका जोडा.

आता तारखा. शनिवार-रविवार कार्यालय बंद, आणि २५ डिसेंबर, शुक्रवार, नाताळ. म्हणून अर्जित रजा सोमवार १४ पासून गुरुवार २४ पर्यंत मागा. दिवस झाले ११. मधले १९ आणि २० हे सुट्टीचे दिवसही त्यातच मोजले जातात. रजेच्या आधी १२ व १३ आणि नंतर २५, २६ व २७ या सुट्ट्या जोडण्याची परवानगी मात्र अर्जातच मागावी लागते. मुख्यालय सोडण्याचीही तशीच. किरकोळ रजा अर्जित रजेला जोडता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

शुक्रवारी, ११ तारखेला, संध्याकाळी अंबा एक्स्प्रेस धरा. आईला अकोल्याला गाडीत घेता येईल. शनिवारी मुंबई, रात्री विमान. परतताना २५ च्या पहाटे मुंबईला उतराल असं तिकीट काढा. म्हणजे २६ ला घरी पोचाल आणि २७ चा दिवस हाताशी राहील. विमान रद्दच झालं, तर रजा वाढवण्याचा अर्ज रजा संपायच्या आत तिथूनच पाठवा. नंतर दिलेलं कारण कितीही खरं असलं, तरी गैरहजेरीची नोंद होऊ शकते.

खरी अडचण आहे ती डिसेंबरची. नागपूरला हिवाळी अधिवेशन याच महिन्यात भरतं, आणि विधिमंडळाच्या प्रश्नांची उत्तरं आपल्या कार्यालयांकडून तातडीने मागवली जातात. साहेब ‘नाही’ म्हणतात ते बहुधा याच धास्तीनं. त्यांची ती काळजी अर्जातच मिटवा. “माझं काम सहकारी बघतील” एवढं मोघम लिहू नका. असं लिहा :

“महोदय, माझ्या भाचीच्या विवाहासाठी दि. १४ ते २४ डिसेंबर २०२६ अशी ११ दिवसांची अर्जित रजा, दि. १२, १३ आणि २५ ते २७ या सुट्ट्या जोडून व मुख्यालय सोडण्याच्या परवानगीसह मंजूर व्हावी. परदेश प्रवासाच्या परवानगीचा अर्ज स्वतंत्र दिला आहे. डिसेंबरच्या वेतन देयकातील बदल मी दि. १० पर्यंत तपासून ठेवीन. देयक कोषागारात सादर करण्याचे काम श्रीमती … पाहतील. विधिमंडळ प्रश्नांची माहिती श्री. … देतील. दोघांची संमतीची सही सोबत आहे. सेवापुस्तकांच्या नोंदी मी परतल्यावर करीन. दि. २८ डिसेंबर रोजी कामावर रुजू होईन.”

या मजकुरात कामाचे तीन वाटे केले आहेत : जाण्याआधी संपणारं, रजेत थांबू न शकणारं आणि मागे राहिलं तरी चालणारं. सही मागायच्या आधी मैत्रिणीला पगाराची फाइल एकदा शेजारी बसवून दाखवा. कुणाची वेतनवाढ आहे, कुणाची वजावट बदलली, हे एका कागदावर लिहून द्या. कपाटाच्या किल्ल्या देताना यादीवर सही घ्या. ‘सेवार्थ’चा पासवर्ड मात्र चिठ्ठीवर लिहून देऊ नका. तुमच्या नावानं झालेली चूक तुमच्याच माथी येते. ते काम दुसऱ्याकडे लेखी आदेशानं सोपवावं, अशी विनंती साहेबांना करा.

अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. दोन्ही कागद हातात आले, की मग तिकीट काढा. तोवर भावाला सांगा, ‘आत्याची तयारी आहे, सरकारच्या सहीची वाट बघतोय!’