आवाज जाड केला म्हणजे माणूस लपला असं नाही

"आवाज बदलाल ना दादा?" एवढं एकच त्याने विचारलं होतं.

विदर्भातल्या एका नगरपरिषदेकडचा कंत्राटी सफाई कामगार. सही पूर्ण पगारावर घेतात आणि हातात कमी ठेवतात, हे कॅमेऱ्यापुढे सांगायला तो तयार झाला होता. चेहरा नको, नाव नको, एवढीच अट. मी आवाजाचं एडिटिंग करतो, त्यामुळे "हो, बदलतो की" हे माझ्या तोंडून फार सहज निघून गेलं. संध्याकाळी व्हिडिओ चढला. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीच्या वेळी मुकादमाने त्याचंच वाक्य त्याला चालीसकट म्हणून दाखवलं, "काहून सह्या घेता, कोनी सांगत नाही." पुढचे आठ दिवस त्याची हजेरी लागली नाही.

त्या "हो"बद्दल लिहायचं आहे. कारण तसा "हो" आपल्याकडे रोज कुठला ना कुठला पत्रकार कुणाला तरी देत असतो.

मी काय केलं होतं ते आधी सांगतो. त्याचा आवाज साधारण ११८ हर्ट्झवर होता, म्हणजे बोलताना त्याच्या स्वरतंतूंची सेकंदाला ११८ कंपनं होत होती. पुरुषांमध्ये हा अगदी सर्वसाधारण आवाज. मी तो चार सेमीटोन खाली आणला. पेटीवर काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरून चार पट्ट्या डावीकडे सरका, तेवढं. ११८ चे झाले ९४. आवाज घोगरा झाला, टीव्हीवर ऐकतो तसा. मला वाटलं, झालं काम.

त्याचा फोन आल्यावर मी आमचाच व्हिडिओ उतरवून घेतला, Audacity मध्ये टाकला आणि `Change Pitch` मधून चार सेमीटोन वर केला. त्याचा आवाज परत आला. थोडा पत्र्यासारखा, पण तोच. दहा सेकंदांचं काम. समोरच्याला चार हा आकडा माहीत नसेल, असं कुणी म्हणेल. पण एक, दोन, तीन करत बारापर्यंत जायला कितीसा वेळ लागतो? माणसाचा नैसर्गिक आवाज कुठला, हे कान लगेच सांगतो. म्हणजे मी दाराला कुलूप लावलंच नव्हतं, नुसतं दार लोटलं होतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळी मर्यादा तिथेच आहे. एका सुरात "आ" म्हणा आणि सूर न बदलता "ई"वर जा. सूर तोच राहिला, अक्षर बदललं. सूर घशातून येतो, त्याला पिच म्हणतात. अक्षर घडतं ते घशापासून ओठांपर्यंतच्या पोकळीत. जीभ आणि ओठ हलले की पोकळीचा आकार बदलतो आणि काही ठरावीक कंपनं जास्त घुमतात. त्या घुमणाऱ्या जागांना फॉर्मंट म्हणतात. प्रौढ पुरुषाची ही पोकळी साधारण १७ सेंटिमीटर लांब असते आणि तोंड सैल ठेवून काढलेल्या आवाजात ती ५००, १५००, २५०० हर्ट्झच्या आसपास घुमते. पोकळी आखूड असली की हे आकडे वर जातात, लांब असली की खाली येतात. म्हणून फॉर्मंटवरून शब्दही कळतो आणि बोलणारा कोण हेही कळतं. दोन्ही एकाच जागी बसलेले आहेत. माणूस पुरता पुसायला गेलात तर शब्दही पुसला जातो.

साध्या पिच बदलण्यात सूर आणि फॉर्मंट दोन्ही एकाच प्रमाणात सरकतात. माझ्या चार सेमीटोनांनी त्या कामगाराचं १७ सेंटिमीटरचं तोंड २१ सेंटिमीटरचं केलं. टीव्हीवरचा साक्षीदार सिनेमातल्या राक्षसासारखा ऐकू येतो तो यामुळे. (आणि ऐकणाऱ्याच्या मनात गुन्हेगार कोण होतो? जो तक्रार करतोय तोच. हेही आपण कधी बोलत नाही.)

यापेक्षा बरं करता येतं. अॅम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी उच्चारशास्त्रासाठी केलेलं Praat नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात सूर आणि फॉर्मंट वेगवेगळे हलवता येतात. त्याच मुलाखतीवर मी नंतर हे करून पाहिलं:

```
selectObject: "Sound mulakhat"
Change gender: 75, 300, 1.15, 150, 0, 1
```

पहिले दोन आकडे म्हणजे सूर कुठून कुठपर्यंत शोधायचा. 1.15 ने फॉर्मंट वर सरकले, म्हणजे १७ सेंटिमीटरची पोकळी १५ च्या आत आली. 150 हा नवा सूर. शेवटचा 1 म्हणजे वेग आहे तोच. पण खरा महत्त्वाचा आहे तो 0. तो आहे बोलण्यातला चढउतार. १ ठेवला तर मूळ चाल राहते, ०.५ ला निम्मी होते, ० ला सगळं वाक्य एका सुरात सपाट होतं.

सरकवलेली गोष्ट परत सरकवता येते. फॉर्मंटचा 1.15 आणि सुराचा 150 हे दोन आकडे कुणी अंदाजाने शोधू शकतो, चिकाटी हवी एवढंच. सपाट केलेला चढउतार मात्र त्या फाइलमध्ये उरतच नाही. मुकादमाने जी चाल म्हणून दाखवली होती, ती यात गेली. किंमतही द्यावी लागते. माणूस यंत्रासारखा बोलतो, रडवेला झालेला कळत नाही, "पैसे दिले?" आणि "पैसे दिले." यातला फरक मिटतो. तिथे मला पाटी टाकावी लागली.

मग फॉर्मंट अजून ओढावेत, असं वाटेल. ओढून पाहिले. खाली नेताना ०.८ च्या पलीकडे आधी "स" जातो. "स" हा खरं तर उंच कंपनांचा फुसकारा, "श" त्याच्याखाली बसतो. सगळंच खाली ओढलं की "स" येऊन "श"च्या जागेवर पडतो. आमच्या मुलाखतीचा सगळा मुद्दा "सह्या" या शब्दावर, आणि ऐकू यायला लागलं "शह्या". वर नेताना १.२५ च्या पुढे स्वर एकमेकांत मिसळायला लागतात आणि आवाज कार्टूनचा होतो. फोनवरचं रेकॉर्डिंग असेल तर उंच कंपनं मुळातच कापलेली असतात, तिथे ही मर्यादा अजून लवकर येते. म्हणजे शब्द कळत राहतील अशी हलवायला मिळणारी जागा अरुंद आहे, आणि शोधणाऱ्यालाही ती तेवढीच अरुंद शोधायची आहे.

आवाज लपवण्याच्या पद्धती तपासण्यासाठी संशोधकांनी २०२० पासून व्हॉइसप्रायव्हसी चॅलेंज नावाची स्पर्धा सुरू केली. तिच्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. कानाला आवाज अनोळखी वाटतो म्हणून यंत्रालाही तो अनोळखी असेल असं नाही, आणि कुठली पद्धत वापरलीय हे समोरच्याला माहीत असेल तर संरक्षण बरंच कमी होतं. आपल्याकडे तर पद्धत सगळ्यांना पाठ आहे. जाड आवाज.

पण खरं सांगू? मुकादमाने कुठलंच सॉफ्टवेअर वापरलं नव्हतं. त्याला त्या माणसाची सवय होती. "काहून"ने तालुका सांगितला नाही, पण पश्चिम महाराष्ट्र बाद केला. दर वाक्याआधी एक छोटा खाकरा होता. सहाव्या मिनिटाला मागे घंटागाडीचं गाणं वाजलं, त्यावरून वेळ कळली. आणि कुणाच्या सह्या कुठल्या दिवशी घेतल्या, हे त्याने स्वतःच सांगितलं होतं. त्या दिवशी हजर किती जण होते? नऊ. नऊ जणांतून एक शोधायला आवाज लागतोच कशाला?

माझं मत आता साधं आहे. बोलल्यामुळे ज्याची नोकरी, घर किंवा जीव जाऊ शकतो, त्याचा आवाज हवेत सोडूच नये, बदललेलाही नाही. मुलाखत शब्दशः उतरवा, ओळख पटवणारे तपशील त्याला विचारून काढा आणि दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. पडद्यावर स्पष्ट लिहा : शब्द त्यांचे, आवाज दुसऱ्याचा. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ लैंगिक अत्याचारातल्या पीडितेचं नावच नव्हे, तर ओळख उघड करू शकेल अशी कुठलीही गोष्ट छापायला मनाई करतं. पॉक्सोचं कलम २३ मुलांच्या बाबतीत घर, शाळा, शेजार सगळंच झाकायला सांगतं. आवाज या "कुठल्याही गोष्टी"त मोडतो, असंच मी मानतो. तरी अशा मुलींचे जाड केलेले आवाज आपण बातम्यांत ऐकतोच.

यावर आमच्याच ऑफिसात वाद झाला. दुसऱ्याने वाचलं तर लोक म्हणणार, तुम्हीच लिहून तुम्हीच वाचलंत. आक्षेप खरा आहे. थरथरत्या आवाजाला जे वजन असतं ते वाचणाऱ्याला येत नाही. पण ते वजन आपण कुणाच्या जिवावर विकत घेतोय, हेही बघावं लागेल. विश्वास कागदांनी मिळवावा. आमच्याकडे हजेरीपटाच्या प्रती होत्या, त्या आम्ही दाखवल्या असत्या तर आवाजाची गरज फार उरली नसती. बदललेल्या आवाजाला माझा सरसकट विरोध नाही. जिथे धोका फक्त अनोळखी प्रेक्षकांनी ओळखण्याचा आहे, तिथे तो पुरतो. रोज सोबत काम करणाऱ्या माणसापुढे पुरत नाही.

आता रेकॉर्डिंगआधी मी समोरच्याला त्याचंच अर्धं मिनिट बोलणं बदलून ऐकवतो आणि विचारतो, "तुमच्या बायकोने हे ऐकलं तर ओळखेल का?" बहुतेक जण हसून "हो" म्हणतात. मग आम्ही मूळ फाइल कुठे राहील ते बोलतो, कारण ती कुणाच्या फोनवर किंवा क्लाउडवर पडून राहिली तर वरचं सगळं फुकट आहे. बदललेली फाइल मूळ आवाज शेजारी ठेवून पाठवणारेही मी पाहिलेत.

त्याची हजेरी नवव्या दिवशी लागली, दुसऱ्या प्रभागात. त्याचा व्हिडिओ आम्ही काढून टाकला, पण तोवर तो तीन ग्रुपवर फिरला होता.