नखाएवढा चौकोन

भिवंडीच्या एका गोदामदाराने आपल्या पेढीचे बोधचिन्ह सहा फुटी फलकासाठी मोबाइलवरून धाडले, तेव्हा अवघ्या १८० बिंदू रुंदीच्या त्या पीएनजी चित्रातला प्रत्येक बिंदू फलकावर एक सेंटिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा चौकोन होणार, हे सांगताना मला विणकामाची नक्षी आखण्याच्या चौकटीच्या कागदाचाच दाखला द्यावा लागला. कागद कितीही मोठा केला तरी घरे वाढत नाहीत, आणि संगणकाने मधल्या छटा भरल्या तर कडेच्या पायऱ्यांच्या जागी धूसरपणा येतो, हरपलेले वळण मात्र परतत नाही. पावतीच्या कोपऱ्यात दीड सेंटिमीटर छापण्यास तेच चित्र पुरेसे होते. फलकासाठी मात्र प्रथम दफ्तरी मूळ कोरलड्रॉची फाइल शोधावी, आणि (पीडीएफ हाती आली तरी ती खूप मोठी करून पाहावी, कारण कडेला पायऱ्या दिसल्या तर आत तेच पीएनजी दडलेले असते) ती मूळ फाइल न मिळाल्यास, चिन्ह मोजक्या सपाट रंगांचे असेल तरच, ते वेक्टरमध्ये नव्याने रेखाटावे. तेथे वर्तुळ केंद्र व त्रिज्या यांनीच काढावे आणि अक्षरांचा टंक ओळखून ती पुन्हा जुळवावीत, कारण आपोआप रेखाटणारी आज्ञा त्या पायऱ्यांचीच इमानेइतबारे नक्कल करते, आणि आमच्या गोदामदाराच्या 'श्री'ची वेलांटी तिने करवतीसारखी दातेरी करून ठेवली होती.