‘सारखा’ दिसला की उपमा? अलंकार ओळखण्याची पाठांतरी युक्ती कुठे फसते

‘पाऊस सारखा कोसळतो आहे.’ या वाक्यात अलंकार कोणता, असं नववी-दहावीच्या मुलांना विचारून बघा. चार-पाच हात तरी वर येतील आणि उत्तर येईल, ‘उपमा!’ कारण? ‘सारखा’ हा शब्द आहे ना. इथे ‘सारखा’ म्हणजे ‘सतत’, पावसाची तुलना कशाशीच झालेली नाही, हे मुलांना कळत नाही असं नाही. पण अलंकार शिकताना वाक्याचा अर्थ बघायचा असतो, हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. त्यांना सांगितलेली असते एक यादी.

ही यादी आपल्यापैकी अनेकांची पाठ आहे. सम, समान, सारखा, जसा, प्रमाणे, परी, वाणी, तुल्य हे शब्द आले की उपमा. जणू, जणूकाय, गमे, वाटे, भासे आले की उत्प्रेक्षा. दोन्ही नसतील आणि दोन वस्तू एकच आहेत असं म्हटलं असेल तर रूपक. शाळेपासून स्पर्धा परीक्षांपर्यंत हीच युक्ती चालते. वेळ वाचतो, गुणही मिळतात. माझी तक्रार एवढीच आहे की या युक्तीने अलंकार ओळखले जात नाहीत, फक्त शब्द ओळखले जातात.

यादीतले शब्दच किती दगाबाज आहेत बघा. ‘परी’ म्हणजे ‘प्रमाणे’, पण जुन्या कवितेत ‘परी’ म्हणजे ‘पण’सुद्धा. ‘फूल सुकले परी गंध राहिला’ या ओळीत तुलना नाही, विरोध आहे. ‘मला वाटे तू येशील’ यात कल्पनेची भरारी नाही, साधी आशा आहे. उलट ‘मृगनयना’ या एका शब्दात यादीतला एकही शब्द नाही, तरी डोळ्यांची तुलना हरणाच्या डोळ्यांशी झालेली आहेच.

आणि खरीखुरी तुलना असली तरी अलंकार होतोच असं नाही. ‘हा आंबा हापूससारखा लागतो’ ही फळवाल्याची माहिती आहे. आंब्याची तुलना आंब्याशी केली, तीही चव कळावी म्हणून. यात ‘सारखा’ आहे, दोन वस्तू आहेत, समान गुणही आहे, पण चमत्कृती नाही. संस्कृत काव्यशास्त्रात याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे गवा गाईसारखा असतो, हे वाक्य. ते ओळखीसाठी उपयोगी आहे, पण अलंकार नाही.

एकच चेहरा, पाच वेश

मग ओळखायचं कसं? शब्द न शोधता एक प्रश्न विचारायचा: कवी या दोन वस्तूंना एकमेकींच्या किती जवळ आणतो आहे?

ज्याचं वर्णन चाललं आहे ते उपमेय आणि ज्याच्याशी तुलना केली ते उपमान, एवढे दोन शब्द पुरेत. आजीचा सुरकुतलेला चेहरा हे उपमेय घेऊ आणि नांगरलेलं शेत हे उपमान. आता यांच्यातलं अंतर पायरीपायरीने कमी करत जाऊ.

‘आजीचा चेहरा नांगरल्या शेतासारखा.’ इथे चेहरा चेहराच आहे, शेत शेतच आहे. दोघे शेजारी उभे केले आहेत. ही उपमा.

‘आजीचा चेहरा जणू नांगरलेलं शेतच.’ आता कवीचा तोल थोडा ढळला आहे. हा चेहरा आहे हे त्याला ठाऊक आहे, पण क्षणभर तो शेतच असावा अशी कल्पना त्याने केली आहे. ही उत्प्रेक्षा. ‘जणू’ इथे महत्त्वाचा आहे तो या डळमळीसाठी, यादीत आहे म्हणून नव्हे.

‘आजीच्या चेहऱ्याच्या शेतात हसू उगवलं.’ शंका संपली. चेहरा हेच शेत. पण चेहरा अजून वाक्यात आहे. हे रूपक.

‘सुरकुत्या नव्हेत या, या नांगराच्या रेघा.’ आता कवी खऱ्या वस्तूला चक्क नाकारतो आहे. ही अपन्हुती.

‘ओसरीवर एक शेत बसलं आहे आणि त्यात हसू उगवतं आहे.’ चेहरा गेला, आजीही गेली. उपमानाने उपमेय गिळून टाकलं. शेत ओसरीवर बसत नाही हे आपल्याला माहीत असतं, म्हणून आपण मागची आजी शोधून काढतो. ही अतिशयोक्ती.

शेवटच्या नावाशी अनेक जण अडखळतील. अतिशयोक्ती म्हणजे फुगवून सांगणं, असंच आपण शिकलो ना? तेही खरं आहे, त्याकडे येतोच. पण ११व्या शतकातल्या मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त अतिशयोक्तीचा पहिला प्रकार हा गिळण्याचाच आहे. शालेय पुस्तकांत तो सहसा येत नाही आणि मग अशी ओळ समोर आली की मुलं तिला रूपक म्हणून मोकळी होतात. १६व्या शतकातल्या अप्पय्य दीक्षितांनी उपमेला नटी म्हटलं आहे, काव्याच्या रंगभूमीवर नाना वेश घेऊन नाचणारी. वरच्या पाच वाक्यांत तीच पाच वेळा आत-बाहेर करते आहे.

‘मुखचंद्र’चं भांडण

पायऱ्या कळल्या तरी काही ओळी दोन पायऱ्यांच्या मधे उभ्या राहतात. ‘मुखचंद्र’, ‘चरणकमल’ असे समास हे त्याचं उत्तम उदाहरण. यांना सरसकट रूपक म्हणायची पद्धत आहे. पण ‘मुखचंद्र’चा विग्रह दोन तऱ्हांनी होतो. चंद्रासारखं मुख, ही उपमा. मुख हाच चंद्र, हे रूपक. नुसता शब्द दिला तर निर्णय होऊच शकत नाही. निर्णय करतं ते क्रियापद.

‘तिने पदराने मुखचंद्र पुसला.’ पदराने पुसता काय येतं? मुख. म्हणजे वाक्यात मुख्य आहे ते मुख, चंद्र त्याच्या शोभेला आला. इथे उपमा मानायची. ‘गच्चीवर मुखचंद्र उगवला.’ उगवतो काय? चंद्र. आता वाक्य चंद्राच्या बाजूने चाललं आहे, म्हणून रूपक. जुन्या शास्त्रकारांनी ही कसोटी बारकाईने मांडली आहे: ओळीतला कोणता शब्द कोणत्या अर्थाला साधक आहे आणि कोणत्या अर्थाला बाधक, ते तपासायचं. पाठांतर लागत नाही. लागतं ते वाक्य पूर्ण वाचणं.

बहुपर्यायी प्रश्नाची अडचण नेमकी इथे आहे. नुसता समास किंवा तुटक अर्धी ओळ देऊन खाली उपमा, रूपक, उत्प्रेक्षा, अतिशयोक्ती असे चार पर्याय छापले, तर ज्या मुलाने नीट विचार केला तो घुटमळतो आणि ज्याने यादी पाठ केली तो पुढे जातो. माझं मत स्पष्ट आहे. अलंकाराचं नाव विचारा, पण त्याला एकच गुण द्या. उरलेले गुण उपमेय कोणतं, उपमान कोणतं आणि ओळीतल्या कोणत्या शब्दावरून ठरवलं, याला द्या. कारण पटण्यासारखं असेल तर दुसरं नावही बरोबर धरा. तपासायला वेळ जास्त लागेल, हे कबूल. पण ‘सारखा कोसळणारा पाऊस’ उपमा ठरवणारी उत्तरं तिथल्या तिथे गळतील, कारण त्या मुलाला उपमान लिहिताच येणार नाही.

फुगवण्यालाही माप असतं

आता ओळखीची अतिशयोक्ती. ‘ती रडली आणि उशी भिजली’ ही बातमी आहे. ‘ती रडली आणि सात गावच्या विहिरी भरल्या’ ही अतिशयोक्ती. दोन्हींमध्ये फरक किती पाण्याचा, असा प्रश्न नाही. सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ते अशक्य आहे हे माहीत आहे का, एवढंच बघायचं. म्हणून ‘ती दोन तास रडली’ ही अतिशयोक्ती होत नाही, ती पाच मिनिटंच रडली असली तरी. ते फार तर खोटं होईल. खोटं पटावं लागतं, अतिशयोक्ती पटली तर वाया गेली.

‘हजार वेळा सांगितलं तुला’ हेही मूळचं असंच फुगवलेलं, पण घराघरांत बोलून बोलून इतकं झिजलं आहे की आता त्यातला हजार कुणाला ऐकूच येत नाही. व्याकरणाच्या पेपरात ती अतिशयोक्ती ठरेल. कवितेत मात्र कवीने तिला नवा धक्का दिल्याशिवाय ती उभी राहणार नाही.

हे सगळं एकदा कवितेत लावून बघू. पुढच्या चार ओळी याच कामासाठी जुळवल्या आहेत, त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

चैत्रातली विहीर ही, डोळा खोल गेलेला
दोर उतरतो आत, जणू हुंदका गिळलेला
तळाशी एकच थेंब, त्यात बुडाले गाव सारे
घागर नव्हे ही, पोकळीच डोईडोईवर फिरे

पहिल्या ओळीत यादीतला एकही शब्द नाही. विहीर हाच डोळा, म्हणून रूपक. ‘खोल गेलेला’ हे दोघांनाही लागू पडतं: पाणी आटल्याने विहीर खोल गेली, उपासाने डोळा खोल गेला. दुसरीत ‘जणू’ आहे आणि त्यामागे खरोखर कल्पनाही आहे, म्हणून उत्प्रेक्षा. चौथीत घागरीला नाकारलं आहे, अपन्हुती.

घोळ तिसऱ्या ओळीत आहे. एका थेंबात गाव बुडत नाही, म्हणून अतिशयोक्ती, हे झटकन सुचतं आणि चूकही नाही. पण नेहमीची अतिशयोक्ती लहान गोष्ट मोठी करते, इथे थेंब थेंबच राहिला आहे आणि गाव आक्रसून त्यात मावलं आहे. शिवाय पहिल्या ओळीत विहिरीला डोळा म्हटलंय, ते रूपक अजून चालूच आहे. डोळ्याच्या तळाशी असलेला थेंब म्हणजे काय? आसू. तो शब्द कुठेच नाही, तरी दिसतो. मग गाव बुडालं ते पाण्यात की रडण्यात? उत्तरपत्रिकेत इथे एकच नाव लिहायचं असेल तर मी अतिशयोक्ती लिहीन. कुणी ‘पहिल्या ओळीपासून चालत आलेलं रूपक’ असं कारणासह लिहिलं, तर त्याचे गुण मला कापता येणार नाहीत.